माळ्यावरची लेंडी आणि कौलांवरची विष्ठा : छायाचित्रावरून प्राण्याची ओळख

मराठी भाषेने जनावरांच्या मलाची वर्गवारी फार पूर्वीच करून ठेवलेली आहे. गाईम्हशींचे ते शेण, घोड्याची ती लीद, शेळीची व उंदराची लेंडी, पक्ष्यांची शीट आणि मांस खाणाऱ्या जनावराची विष्ठा. हे शब्द केवळ शिष्टाचारासाठी निर्माण झालेले नाहीत. प्रत्येक शब्दाबरोबर एक आकार आणि एक खाद्य डोळ्यांपुढे उभे राहते. ज्यांचे बालपण गोठ्याच्या आणि परड्याच्या सान्निध्यात गेले, त्या आपल्या ज्येष्ठ वाचकांना ही ओळख मुद्दाम शिकवावी लागत नाही. अडचण येते ती निराळ्या कारणाने. दृष्टी मंदावलेली असते, माळ्याची शिडी चढवत नाही, आणि पाहण्याचे काम आता सुनेने, नातवाने किंवा घरी येणाऱ्या काळजीवाहकाने काढलेल्या छायाचित्रावरून करावे लागते. छायाचित्रात वास नसतो, वजन नसते, आणि वस्तू केवढी आहे याचा अंदाजही नसतो. म्हणून छायाचित्र कसे काढावे आणि त्यात काय पाहावे, हे घरातील दोन्ही पिढ्यांनी समजून घेतले पाहिजे.

कोल्हापूर जिल्ह्यातील मलकापूरसारख्या गावी हा प्रश्न पावसाळ्यात हमखास उभा राहतो. शाहूवाडी तालुक्यातील हे गाव कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावर, आंबा घाटाच्या अलीकडे वसलेले आहे. कौलारू घरे, लाकडी माळे, माळ्यावर ठेवलेले धान्य, परसात फणस-जांभळाची झाडे आणि फार दूर नसलेले सह्याद्रीचे जंगल, अशी तेथील रचना आहे. चांदोली व कोयना ही वनक्षेत्रे एकत्र करून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प घोषित झाला, त्यातील चांदोली याच तालुक्याच्या बाजूला येते. त्यामुळे अंगणात किंवा छपरावर काही अनोळखी दिसले की पहिला शब्द तोंडून निघतो तो ‘बिबट्या’. वास्तविक घरातील वृद्धांच्या प्रकृतीला ज्याच्यापासून अधिक भय आहे, तो प्राणी बहुतेक वेळा त्याच घरात, त्याच माळ्यावर असतो. त्याची लेंडी साळीच्या दाण्याहून किंचित मोठी असते, आणि लहान असल्यामुळेच तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही.

छायाचित्र घेताना

छायाचित्रातील सर्वांत मोठा दोष म्हणजे प्रमाणाचा अभाव. जवळून घेतलेल्या छायाचित्रात उंदराची लेंडी कुत्र्याच्या विष्ठेएवढी दिसू शकते. म्हणून शेजारी काहीतरी ठराविक मापाची वस्तू असणे आवश्यक आहे. नाणे ठेवण्याची पद्धत सर्वत्र आहे, परंतु आपल्याकडे एक, दोन व पाच रुपयांची नाणी वेळोवेळी निरनिराळ्या आकारांत निघालेली आहेत. दोन धातूंचे दहा रुपयांचे नाणे मात्र २७ मिलिमीटर व्यासाचे असते, ते वापरावे. त्याहूनही बरे म्हणजे कागदाच्या पट्टीवर फूटपट्टीने सेंटिमीटरच्या रेघा माराव्यात, ती पट्टी शेजारी ठेवावी आणि काम झाल्यावर टाकून द्यावी. नाणे पुन्हा खिशात जाते, ही गोष्ट आरोग्याच्या दृष्टीने बरी नाही. नाणे ठेवलेच तर ते नंतर साबणाने धुवावे.

तीन छायाचित्रे घ्यावीत. पहिले सरळ वरून, पट्टीसह. दुसरे बाजूने, खाली वाकून, म्हणजे टोके आणि उंची दिसते. तिसरे चार पावले मागे सरून, म्हणजे ती वस्तू भिंतीच्या कडेला आहे, तुळईखाली आहे की वाटेच्या मध्यभागी आहे हे कळते. हे तिसरे छायाचित्र बहुतेक लोक घेत नाहीत, आणि ओळख पटविण्यात त्याचाच वाटा कित्येकदा मोठा असतो. प्रकाश दिवसाचा असावा. मोबाइलच्या फ्लॅशने काळ्या पृष्ठभागावर चकाकी येते, आणि जुनी लेंडीसुद्धा ताजी भासते. व्हॉट्सॲपवरून साध्या रीतीने पाठविलेले चित्र बारकावे गमावते, ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे. शेवटी सर्वांत महत्त्वाचे म्हणजे छायाचित्र घेण्यापूर्वी काहीही झाडू नये, हलवू नये व उघड्या हाताने उचलू नये.

आकारमान : लांबीपेक्षा जाडी पाहावी

माप घेताना लांबीवर फार विसंबू नये. विष्ठा तुटते, वाळल्यावर आकसते, पावसात फुगते. जाडी त्या मानाने स्थिर राहते. छायाचित्र पाहताना प्रथम पट्टीवरून जाडी ठरवावी आणि मग लांबी.

घरात सापडणाऱ्या लहान लेंड्यांचे तीन आकार लक्षात ठेवले तरी पुरे. घरातील लहान उंदराची लेंडी जिऱ्याच्या दाण्याएवढी, तीन ते सहा मिलिमीटर लांब असते. माळ्यावर, तुळयांवर वावरणाऱ्या मोठ्या उंदराची लेंडी साधारण बारा मिलिमीटरची, म्हणजे साळीच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी, मध्ये फुगीर व दोन्ही टोकांना निमुळती, किंचित वाकलेली असते. जमिनीत बिळे करणाऱ्या घुशीची याहून जाड, टोकांना बोथट आणि जवळजवळ शेंगदाण्याएवढी.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मोठ्या उंदराच्या पिलांची लेंडी लहान असते आणि ती घरातील उंदराच्या लेंडीसारखी दिसते. म्हणून एका लेंडीवरून निर्णय करू नये. छायाचित्रात दहा-बारा लेंड्या एकत्र याव्यात. त्या सर्व जिऱ्याएवढ्या असतील तर लहान उंदीर समजावा. लहान-मोठ्या मिसळलेल्या असतील तर मोठ्या उंदराचे कुटुंबच तेथे राहते आहे असे मानावे.

आकार : पांढरे टोक आणि भुगा

उंदराच्या लेंडीशी ज्यांची गफलत नेहमी होते असे दोन निरुपद्रवी शेजारी आपल्या घरात असतात. एक पाल आणि दुसरे कीटक खाणारे लहान वटवाघूळ.

पालीची विष्ठा काळसर, उंदराच्या लेंडीएवढीच असते, पण तिच्या एका टोकाला खडूसारखा पांढरा ठिपका असतो. याचे कारण शरीरव्यापारात आहे. आपण व उंदीर नको असलेला नत्रयुक्त भाग पाण्यात विरघळवून मूत्रावाटे बाहेर टाकतो. पाली आणि पक्षी पाणी वाचविण्यासाठी तोच भाग घट्ट, पांढऱ्या यूरिक आम्लाच्या रूपात विष्ठेबरोबरच टाकतात. चिमणीच्या शिटेतील पांढरा भाग आणि पालीच्या विष्ठेवरील पांढरे टोक हे एकाच जातीचे. उंदराच्या लेंडीवर असे टोक कधीच नसते. बाजूने घेतलेल्या छायाचित्रात हे टोक स्पष्ट दिसते. मात्र जुन्या विष्ठेचे पांढरे टोक गळून पडलेले असू शकते, म्हणून येथेही चार-पाच तुकडे पाहावेत. एकावर जरी टोक शिल्लक असले तरी शंका मिटते.

वटवाघळाची लेंडी आकाराने लहान उंदराच्या लेंडीसारखीच असते, परंतु तिची घडण निराळी. उंदराची लेंडी वाळली की खड्यासारखी कडक होते. वटवाघळाची लेंडी कीटकांच्या कवचांनी व पंखांच्या तुकड्यांनी बनलेली असल्यामुळे दाबताच तिचा भुगा होतो, आणि त्या भुग्यात बारीक चमक दिसते. ही पारख करावयाची असेल तर कोरडी लेंडी चिरडू नये, कारण धूळ श्वासात जाते. तोंडाला मास्क लावून तिच्यावर पाण्याचे दोन थेंब टाकावेत, लांब काडीने हलके दाबावे, काडी टाकून द्यावी व दुसरे छायाचित्र घ्यावे.

आत काय आहे

मोठ्या विष्ठेच्या बाबतीत आकारापेक्षा आतील पदार्थ अधिक बोलतात. जे खाल्ले आणि पचले नाही, ते तेथे असते. केस, हाडांचे तुकडे, पिसे, कीटकांची कवचे, गवताचे धागे आणि बिया यांपैकी काय दिसते ते पाहावे.

शिकार करणाऱ्या जनावराची विष्ठा जाड, गाठीगाठींची व एका टोकाला निमुळती असते, आणि तिच्यात केस व हाडांचे तुकडे असतात. जुनी झाली की हाडांतील चुन्यामुळे ती पांढुरकी पडते. घरचे अन्न खाणाऱ्या कुत्र्याची विष्ठा एकसारख्या पोताची असते. परंतु मोकाट कुत्रा उकिरड्यावरची हाडे, कोंबड्यांची पिसे, कधी शेळीचे केसही खातो, आणि मग त्याची विष्ठा रानातील जनावराच्या विष्ठेसारखी दिसू लागते. अंगणातील ‘बिबट्या’ पुष्कळ वेळा असा कुत्राच असतो.

विष्ठेत अखंड, न चावलेल्या बिया भरपूर असतील तर चित्र पालटते. बिबट्याच्या विष्ठेत अशी बियांची रास नसते. मलकापूरच्या परिसरात कौलांवर किंवा भिंतीच्या माथ्यावर अशी बियांनी भरलेली विष्ठा दिसली तर सर्वप्रथम उदमांजराचा विचार करावा. काही भागांत त्याला कांडेचोर असेही म्हणतात. हा निशाचर प्राणी झाडावरून छपरावर आणि छपरावरून माळ्यावर सहज ये-जा करतो. जांभळे, भेरली माडाची फळे आणि फणसाचे गरे त्याला प्रिय. तो गर पचवितो आणि बिया जशाच्या तशा टाकतो. शिवाय उंचवट्याच्या ठराविक जागी पुन्हा पुन्हा विष्ठा करण्याची त्याला सवय असते. फळांचा हंगाम सरला की तो उंदीर, कीटक, पाखरे खातो, आणि तेव्हा त्याच्या विष्ठेत बियांऐवजी केस व कवचे दिसतात. म्हणून छायाचित्रावर तारीख टिपून ठेवावी.

एका घराचे उदाहरण

हे सर्व एकत्र कसे जुळवावयाचे, हे पाहण्यासाठी मलकापुरातील एका घराची कल्पना करू. कौलारू घर आहे. आजोबांचे वय ७८, मधुमेह जुना, टाचेला भेग पडलेली. आजी ७२ वर्षांच्या. सून दोघांची शुश्रूषा करते आणि मुलगा पुण्याला असतो. मृगाचा पाऊस सुरू होऊन दोन आठवडे झाले आहेत. सकाळी न्हाणीच्या छपरावर विष्ठा दिसते आणि घरात भीती पसरते. आजोबांचे पहाटेचे अंगणातील फिरणे बंद होते. त्याच दिवशी माळ्यावर भाताच्या पोत्यांजवळ आणि माजघराच्या खिडकीत काही काळे दाणे दिसतात, पण त्यांच्याविषयी कोणी बोलत नाही. सून तिन्ही ठिकाणची छायाचित्रे पुण्याला पाठविते.

पहिले चित्र छपरावरचे. दहा रुपयांचे नाणे शेजारी आहे. विष्ठेची जाडी नाण्याच्या व्यासाच्या साधारण निम्मी, म्हणजे तेरा-चौदा मिलिमीटर भरते. बिबट्याची विष्ठा सहसा दोन ते तीन सेंटिमीटर जाड असते, तेव्हा जाडीवरूनच शंका येते. आत जांभळाच्या बिया गच्च भरलेल्या आहेत व त्यांच्याभोवती जांभळट चिकट गर आहे. केस दिसत नाहीत. तिसरे, दूरचे छायाचित्र सांगते की जागा जमिनीपासून आठ फूट उंच आहे, आणि जांभळाची फांदी छपराला टेकलेली आहे. शेजारी वाळलेल्या जुन्या विष्ठेचे अवशेषही दिसतात, म्हणजे प्राणी येथे वरचेवर येतो. जाडी, बिया, उंची आणि जागेची पुनरावृत्ती अशा चार गोष्टी एकाच दिशेला बोट दाखवितात, ती दिशा म्हणजे उदमांजर. ते माणसाच्या वाटेला जात नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे, म्हणून त्याला पकडू किंवा मारू नये. छपराला टेकलेली फांदी छाटावी आणि माळ्याकडे जाणारी फट, प्राणी आत नाही व त्याची पिले तेथे नाहीत अशी खात्री करून, जाळीने बुजवावी. आजोबांचे फिरणे पुन्हा सुरू करावयास हरकत नाही.

दुसरे चित्र खिडकीचे. सात-आठ मिलिमीटरचे काळे तुकडे आहेत आणि तिघांच्या टोकाला पांढरा ठिपका आहे. ही पाल. ओल्या फडक्याने पुसून हात धुतले की काम संपले.

तिसरे चित्र माळ्यावरचे, आणि खरे लक्ष द्यावयाचे ते येथे. भिंतीच्या कडेकडेने, पोत्यांच्या मागे, वीसएक लेंड्या विखुरलेल्या आहेत. पट्टीवरून त्या दहा ते तेरा मिलिमीटर भरतात, दोन्ही टोके निमुळती आहेत, पांढरे टोक एकालाही नाही. मध्ये काही लहान लेंड्याही आहेत. काही काळ्या व तुकतुकीत म्हणजे ताज्या, काही राखाडी व निस्तेज म्हणजे जुन्या. पोत्याचा एक कोपरा कुरतडलेला दिसतो. ही माळ्यावर राहणाऱ्या मोठ्या उंदरांची वस्ती, आणि तीही चालू असलेली. ज्या चित्राने घरात कोणी घाबरले नाही, तेच चित्र आजोबांच्या टाचेच्या भेगेशी जोडून पाहावे लागते.

लेंडीजवळ मूत्र असते

ज्या ठिकाणी उंदराची लेंडी आहे, त्या ठिकाणी त्याचे मूत्रही आहे. ते छायाचित्रात दिसत नाही, परंतु लेप्टोस्पायरोसिस हा आजार पसरतो तो मुख्यतः त्या मूत्रातून. त्याचे जंतू ओल्या जागी व साचलेल्या पाण्यात टिकून राहतात, आणि त्वचेवरील जखमेतून, भेगेतून किंवा डोळे व तोंडाच्या नाजूक त्वचेतून शरीरात शिरतात. पावसाळ्यात कौले गळतात, माळ्यावरचे पाणी खाली झिरपते, आणि अनवाणी चालणाऱ्या वृद्धाची टाच त्यात पडते. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेल्यांना भेग पडल्याचेही अनेकदा कळत नाही. लेंडीची ओळख आपल्याला जी जागा दाखविते, ती जागा ओली आहे का, हे लगेच पाहावे.

अशा जागेच्या संपर्कानंतर दोन दिवसांपासून चार आठवड्यांपर्यंत, बहुधा एक-दोन आठवड्यांत, थंडी वाजून ताप, डोकेदुखी, पोटऱ्यांत तीव्र वेदना, डोळे लाल होणे अशी लक्षणे दिसू लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे आणि ‘घरात उंदीर आहेत, लेंड्या सापडल्या होत्या’ हे आपण होऊन सांगावे. डॉक्टरांनी विचारण्याची वाट पाहू नये. छायाचित्रे मोबाइलमध्ये असतील तर तीही दाखवावीत. लघवी कमी होणे, डोळे पिवळे दिसणे किंवा धाप लागणे ही गंभीर आजाराची चिन्हे आहेत. वृद्धांमध्ये ताप फारसा चढत नाही आणि केवळ गळून गेल्यासारखे वाटते, हेही शुश्रूषा करणाऱ्याने ध्यानात ठेवावे. प्रतिजैविके मनाने घेऊ नयेत.

स्वच्छता : कोरडी केरसुणी नको

छायाचित्रे घेऊन झाली की केरसुणी उचलण्याचा मोह होतो. कोरड्या झाडण्याने लेंड्यांची आणि वाळलेल्या मूत्राची धूळ हवेत उडते, म्हणून तसे करू नये. वृद्ध माणसांना, दमेकऱ्यांना आणि स्टेरॉइडची औषधे चालू असणाऱ्यांना त्या खोलीतून दूर ठेवावे. खिडक्या-दारे उघडून अर्धा तास थांबावे. काम करणाऱ्याने रबरी हातमोजे, मास्क व बंद पादत्राणे घालावीत.

घरगुती ब्लीचचा एक भाग आणि पाण्याचे दहा भाग असे द्रावण त्याच दिवशी तयार करावे. त्यात फरशी धुण्याचे आम्ल किंवा दुसरे कोणतेही द्रव्य मिसळू नये, त्यातून विषारी वायू निघतो. लेंड्या द्रावणाने पूर्ण भिजवाव्यात आणि पाच मिनिटे तशाच ठेवाव्यात. मग जुन्या कागदाने उचलून पिशवीत बांधाव्यात आणि ती जागा त्याच द्रावणाने पुन्हा पुसावी. हातमोजे उतरविण्यापूर्वी धुवावेत, उतरविल्यावर हात साबणाने धुवावेत. कुरतडलेल्या पोत्यातील धान्य खाण्यासाठी वापरू नये. राहिलेले धान्य झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात किंवा कणगीत भरावे.

वटवाघळांची विष्ठा माळ्यावर पुष्कळ दिवसांची साचून ढीग झाला असेल तर घरच्यांनी तो उपसू नये. अशा ढिगात वाढणाऱ्या बुरशीचे कण फुप्फुसात गेल्यास आजार होऊ शकतो. दोन-चार लेंड्या भिजवून पुसणे निराळे आणि ढीग उपसणे निराळे.

स्वच्छतेनंतर छायाचित्रांचा आणखी एक उपयोग होतो. पुसलेल्या जागेवर जुने वर्तमानपत्र अंथरावे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच कोनातून छायाचित्र घ्यावे. कागदावर नव्या लेंड्या नसतील तर त्या जुन्या मुक्कामाच्या खुणा होत्या. असतील तर त्या मोजाव्यात आणि तेथेच सापळा लावावा. आठवडाभर रोज मोजणी घेतली की उपाय चालतो आहे की नाही, हे पुण्याच्या मुलालाही घरबसल्या कळते. ज्या घरात विस्मरणाचा त्रास असलेले वृद्ध आहेत, तेथे विषारी गोळ्यांऐवजी सापळाच वापरावा. रंगीत गोळ्या खाऊच्या समजून तोंडात घातल्या जाण्याचा धोका असतो. शिवाय विष खाल्लेला उंदीर उदमांजराने किंवा घरच्या मांजराने खाल्ला तर त्यांनाही विषबाधा होते.

छायाचित्राची मर्यादा

छायाचित्रावरून जे सांगता येते ते ‘बहुधा अमुक’ एवढेच. बिबट्या, तरस आणि मोठा कुत्रा यांच्या विष्ठांची मापे एकमेकांत मिसळतात, आणि अनुभवी वनरक्षकही त्यांत चुकू शकतो. म्हणूनच वन्यजीवांचा अभ्यास करणारे अशा विष्ठेचे नमुने प्रयोगशाळेत पाठवितात. हैदराबाद येथील पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रात विष्ठेतील जनुकीय द्रव्यावरून प्राण्याची जात निश्चित करता येते. विष्ठेतील केसांचीही सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करून त्या प्राण्याने काय खाल्ले होते, हे ठरविता येते. घरच्या उपयोगासाठी इतक्या निश्चितीची गरज नसते. उंदीर आहे की नाही, आणि भीतीचे कारण आहे की नाही, एवढे ठरले तरी पुरते.

तथापि काही खुणा दिसल्या तर अंदाज बांधीत बसू नये. विष्ठा दोन सेंटिमीटरपेक्षा जाड आहे, केस व हाडांचे तुकडे स्पष्ट दिसतात, ती वाटेच्या मध्यभागी किंवा गोठ्याजवळ आहे, आणि जवळपास पंजाचे ठसे आहेत किंवा कुत्रे-शेळी नाहीशी झाली आहे, असे असेल तर छायाचित्रे वनविभागाकडे द्यावीत. महाराष्ट्र वनविभागाची मदतवाहिनी १९२६ या क्रमांकावर आहे. तोपर्यंत वृद्धांनी पहाटे व तिन्हीसांजेनंतर एकट्याने परसात जाऊ नये, अंगणात दिवा असावा, आणि शौचास बाहेर जावे लागत असेल तर सोबत कोणी असावे.

माळ्यावर चढण्याचे काम मात्र साठी ओलांडलेल्यांनी करू नये. शिडीवरून पडून खुबा मोडण्याचा धोका उंदराच्या कोणत्याही रोगापेक्षा कमी नाही. चढणारा तरुण असावा. त्याच्या हाती मोबाइल आणि कागदाची पट्टी द्यावी, आणि खाली बसलेल्या आजोबा-आजींनी चित्र मोठे करून जाडी किती, टोके कशी, आत काय आणि जागा कोणती, हे चार प्रश्न क्रमाने विचारावेत. शेण, लेंडी, लीद आणि शीट यांतील फरक ज्यांना उपजत ठाऊक आहे, त्यांच्या नजरेला त्या चित्रात पुष्कळ काही दिसेल.